छोट्या मराठी पॉडकास्टचे पैसे : प्रायोजक, श्रोते आणि हाती उरणारी रक्कम

वीस-पंचवीस भाग निघून गेले, प्रत्येक भाग पाचशे ते दोन हजार वेळा ऐकला जातोय आणि आता निदान खर्च तरी निघावा असं वाटू लागलंय, अशा पॉडकास्टसाठी हे लिहिलं आहे. त्याहून कमी ऐकला जात असेल तर पहिले दोन टप्पे वाचून थांबलात तरी चालेल.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. समजा, गडकिल्ल्यांवरचा एक पॉडकास्ट आहे. दर आठवड्याला चाळीस मिनिटांचा एक भाग आणि आठ भागांचा एक हंगाम. यातले भाव आणि खर्च मानलेले आहेत. तुमचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

१. सांगायचा आकडा आधी ठरवा

प्रायोजक पहिला प्रश्न विचारतो, 'किती लोक ऐकतात?' याला इन्स्टाग्रामचे फॉलोअर्स किंवा 'आतापर्यंत एकूण पन्नास हजार' हे उत्तर चालत नाही. तुमची जाहिरात पुढच्या भागात लागणार आहे, त्यामुळे एक भाग पहिल्या ३० दिवसांत किती वेळा डाउनलोड होतो, तेवढंच सांगायचं.

डाउनलोड मोजायची पद्धत ठरलेली आहे. आयएबी या जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेच्या नियमाप्रमाणे भागाचा किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला तरच तो मोजतात आणि त्याच पत्त्यावरून, त्याच ॲपवरून २४ तासांत पुन्हा मागणी आली तर ती एकच धरतात. तुमचं होस्टिंग हा नियम पाळतं का ते त्यांच्या मदत पानावर पाहून ठेवा. पाळत नसेल तर आकडा फुगलेला असण्याची शक्यता मोठी.

आता सरासरीचा सापळा. समजा, आपल्या पॉडकास्टचे आठ भाग ३० दिवसांत असे ऐकले गेले : १,०५०, १,१२०, १,१८०, १,१९०, १,२१०, १,२४०, १,३०० आणि एका प्रसिद्ध पाहुण्यामुळे ४,१००. सरासरी काढली तर ती १,५५०च्या घरात जाते. पण त्या एका भागाखेरीज कुठलाच भाग १,३००च्या वर गेलेला नाही. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर १,२०० येतो, आणि प्रायोजकाला सांगायचा तो हाच. सरासरी सांगून पैसे घेतलेत तर हंगाम संपल्यावर तुमचाच अहवाल तुम्हाला खोटं पाडेल. ज्या भागाला अजून ३० दिवस झाले नाहीत, तो या मोजणीत धरू नका.

बेरजेतही एक चूक नेहमी होते. दुसऱ्या होस्टिंगवर असलेल्या पॉडकास्टचं स्पॉटिफायवरचं ऐकणं बहुतेकदा होस्टिंगच्या आकड्यात आधीच आलेलं असतं. स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवरचा आकडा त्यात पुन्हा मिळवला तर तेच श्रोते दोनदा मोजले जातात. यूट्यूबचे व्ह्यूज मात्र वेगळे असतात, ते वेगळ्या ओळीत लिहा.

आणखी एक आकडा फक्त स्वतःसाठी काढून ठेवा : ज्या भागाचा विषय फारसा ओढणारा नव्हता, तो पहिल्या सात दिवसांत किती वेळा ऐकला गेला? विषय कसाही असो, येणारे लोक ते हेच. आपल्या उदाहरणात असे ७०० धरू. पुढे श्रोत्यांकडून पैसे मागताना १,२०० नव्हे, हे ७०० कामाला येतील.

२. दर हजारी भावाचं गणित एकदा करून बाजूला ठेवा

पॉडकास्टच्या जाहिरातींबद्दल वाचायला गेलात की सगळीकडे सीपीएम हा शब्द भेटतो. सीपीएम म्हणजे एक हजार डाउनलोडमागे जाहिरातदार देतो तो भाव. होस्टिंग कंपन्यांच्या आपोआप लागणाऱ्या जाहिराती याच भावावर चालतात.

समजा हा भाव ३०० रुपये मिळाला. आपला भाग १,२०० वेळा ऐकला जातो, म्हणजे एका जाहिरातीचे ३६० रुपये झाले आणि आठ भागांचे २,८८०. यातून होस्टिंग कंपनी स्वतःचा वाटा कापते. शिवाय प्रत्येक डाउनलोडला जाहिरात लागेलच असं नसतं. त्या श्रोत्यासाठी त्या क्षणी कोणाची जाहिरात उपलब्ध नसली तर जागा रिकामी जाते. लागली तरी ती हिंदी किंवा इंग्रजी असू शकते, आणि राजगडाच्या बालेकिल्ल्याचं वर्णन चालू असताना मध्येच ती वाजली की श्रोता वैतागतो.

भाव दुप्पट धरलात तरी एका हंगामात जाहिरातीच्या एका जागेचे सहा हजारही होत नाहीत. हजारावर विकणं लाखांत ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांना परवडतं. तुम्हाला दुसऱ्या बाजूने यावं लागेल.

३. भाव प्रायोजकाच्या नफ्यावरून काढा

छोट्या पॉडकास्टकडे संख्या नसते, पण एकाच विषयाचे लोक एका जागी असतात. त्यामुळे 'किती लोकांनी ऐकलं' यापेक्षा 'ऐकणाऱ्यातले किती जण गिऱ्हाईक झाले तर प्रायोजकाचे पैसे वसूल होतील' हा हिशेब मांडा.

आपल्या पॉडकास्टला दोन प्रायोजक सुचतात. पहिला रविवारचे एक दिवसाचे ट्रेक नेतो. माणशी १,२०० रुपये घेतो आणि खर्च जाऊन त्याला दोनशे उरतात असं धरू. दुसरा हिमालयातले आठवडाभराचे ट्रेक नेतो आणि त्याला माणशी ३,००० रुपये उरतात.

तुम्ही हंगामाचे १२,००० रुपये मागितलेत. पहिल्याला ते वसूल करायला ६० माणसं लागतील. तुमच्या ७०० नेहमीच्या श्रोत्यांतून साठ जण एकाच संस्थेकडे जातील, हे होणार नाही. दुसऱ्याला फक्त चार माणसं पुरतात, आणि ट्रेकला लोक जोडीने किंवा मित्रांबरोबर जातात, म्हणजे दोन फोन लागले तरी काम झालं. पॉडकास्ट तोच, श्रोते तेच, पण पहिल्याला हा भाव महाग आणि दुसऱ्याला रास्त.

१२,००० भागिले आठ म्हणजे भागाला १,५०० रुपये. दर हजारी भावात हे १,२५० रुपये होतात, वर धरलेल्या ३००च्या चौपटीहून जास्त. कारण तुम्ही इथे गर्दी विकत नाही, ओळख विकताय.

म्हणून प्रायोजक शोधताना एका गिऱ्हाइकामागे ज्याला बऱ्यापैकी रक्कम उरते, असे व्यवसाय आधी पाहा : सहली, शिकवणी आणि अभ्यासक्रम, उपकरणं, आर्थिक किंवा कायदेशीर सेवा, घरदुरुस्ती. पुस्तकाच्या एका प्रतीमागे प्रकाशकाला फार थोडं उरतं. त्यामुळे साहित्यावरच्या पॉडकास्टला प्रकाशक हा पहिला सुचणारा आणि बहुतेक वेळा सर्वांत अवघड प्रायोजक. त्याच्याकडून रोख रकमेपेक्षा श्रोत्यांसाठी सवलत आणि विक्रीवर वाटा मागणं जास्त जमतं.

भाव सांगताना एका भागाचा सांगूच नका. एकदा ऐकून कोणी आठवड्याच्या ट्रेकचे पैसे भरत नाही. तिसऱ्या-चौथ्यांदा नाव कानावर पडलं की माणूस चौकशी करतो. एका भागावर 'बघू प्रतिसाद कसा येतो' म्हणणाऱ्याला प्रतिसाद दिसतच नाही आणि दोघंही निराश होतात. किमान सहा भाग, शक्यतो पूर्ण हंगाम.

४. विचारणा कशी करायची

ज्या धंद्याचा मालक स्वतः फोन उचलतो, तिथून सुरुवात करा. मोठ्या कंपन्यांचं जाहिरातीचं काम एजन्सीकडे असतं आणि एजन्सीला १,२०० हा आकडा पाठवून उपयोग नसतो.

पाठवायचा कागद एका पानाचा. त्यात पॉडकास्ट कशाबद्दल आणि कोणासाठी आहे याची दोन वाक्यं, ३० दिवसांचा मधला आकडा आणि तो कुठून घेतला त्याचा स्क्रीनशॉट, श्रोते कोणत्या शहरांतून ऐकतात, श्रोत्यांची दोन-तीन खरी पत्रं (परवानगी घेऊन), आणि एकच प्रस्ताव : आठ भाग, प्रत्येकात ४५ सेकंद, १२,००० रुपये. सोनेरी-रुपेरी अशी तीन पॅकेजं करू नका. समोरचा सर्वांत स्वस्त निवडतो, किंवा विचार करून सांगतो म्हणतो आणि विसरतो.

शहरांच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. तो इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेला असतो, आणि मोबाइल डेटावर ऐकणारा साताऱ्याचा श्रोता मुंबईत दिसू शकतो. फक्त कोल्हापुरात दुकान असलेल्या प्रायोजकाला 'आमचे इतके श्रोते कोल्हापूरचे' असं ठामपणे सांगण्याआधी श्रोत्यांनाच एक लहान प्रश्नावली पाठवलेली बरी.

वस्तूच्या बदल्यात जाहिरात हा प्रस्ताव हमखास येतो : पैसे नाहीत, पण बूट देतो. बूट हवेच असतील तर घ्या. मात्र तेही उत्पन्नच असतं, आणि एका वर्षात एकाच व्यवसायाकडून २०,००० रुपयांच्या वर वस्तू किंवा सोयी मिळाल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे.

५. ठरलेलं लेखी घ्या

वकिलाचा करार लागत नाही. एक सविस्तर ईमेल आणि त्यावर 'मान्य' असं उत्तर पुरतं. त्यात या गोष्टी हव्यात :

- किती भाग, कोणत्या तारखांपासून, आणि एखादा आठवडा चुकला तर काय.
- जाहिरात भागात कुठे येणार. सुरुवातीची जागा लोक पुढे सरकवतात, शेवटापर्यंत थोडेच पोचतात, म्हणून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतरची मधली जागा सर्वांत कामाची.
- मजकूर कोण लिहिणार आणि किती वेळा बदलता येणार. एकदाच, असं लिहा. रेकॉर्डिंग झाल्यावर बदल हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे.
- त्या हंगामात त्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक घेणार का.
- पैसे : निम्मे आधी, निम्मे चौथ्या भागानंतर. हंगाम संपल्यावर उरलेले मागायला गेलात तर तुमच्या हातात काहीच नसतं.
- जाहिरात जुन्या भागांत किती काळ राहणार.

या शेवटच्या मुद्द्याकडे फार कमी लोक बघतात. तुम्ही स्वतःच्या आवाजात वाचून भागातच मिसळलेली जाहिरात कायमची राहते. दोन वर्षांनी कोणी तो भाग ऐकेल आणि बंद झालेल्या सवलतीसाठी प्रायोजकाला फोन करेल. मजकुरात 'या दिवाळीपर्यंत' न म्हणता वर्षासकट तारीख घाला. किंवा जाहिरात वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे हंगाम संपल्यावर ती काढून तोच भाग पुन्हा चढवता येईल. होस्टिंगवर फाइल बदलण्याची सोय असते. त्याच भागाची फाइल बदला. भाग पुसून नव्याने टाकलात तर श्रोत्यांच्या ॲपमध्ये तो नवा भाग म्हणून येतो आणि जुन्या मोजणीशी त्याचा संबंध तुटतो.

६. मजकूर, कूपन कोड आणि उघड सांगणं

४५ सेकंदांत सावकाश बोललेल्या मराठीचे साधारण ऐंशी-नव्वद शब्द बसतात. प्रायोजक पाठवतो ते अडीचशे शब्दांचं माहितीपत्रक असतं. त्यातून एकच गोष्ट निवडा : कोणासाठी, काय, कुठे संपर्क.

प्रतिसाद मोजायला कूपन कोड द्यावाच लागतो, आणि इथे मराठी पॉडकास्टची एक खास अडचण आहे. कोड रोमन लिपीत टाइप करायचा असतो, पण श्रोता तो फक्त ऐकतो. 'किल्ला' असा कोड दिलात तर कोणी KILLA टाकेल, कोणी KILA, कोणी QILLA. नाव दोनदा ऐकूनही एकाच स्पेलिंगने लिहिलं जाईल असा लहान कोड घ्या, उदाहरणार्थ TREK10, आणि अक्षरं सुटी सुटी उच्चारा. भागाच्या वर्णनात तोच कोड आणि दुवा पहिल्या दोन ओळींत टाका, कारण पुढचा मजकूर बऱ्याच ॲपमध्ये 'आणखी'च्या मागे लपतो.

तरीही बरेच जण कोड न वापरता थेट फोन करतात. म्हणून प्रायोजकाला आधीच सांगून ठेवा की चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' हा प्रश्न विचारावा. हे न केल्यामुळे चांगला चाललेला हंगामसुद्धा कागदावर शून्य दिसतो.

पैसे घेऊन केलेली शिफारस जाहिरात आहे हे उघड सांगणं बंधनकारक आहे. एएससीआय या जाहिरात मानक संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक नियमांत ऑडिओबद्दल स्पष्ट म्हटलंय की हे सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विरामाच्या आधी-नंतर बोलून सांगायचं. फक्त वर्णनात लिहून भागत नाही. 'हा भाग अमुक यांनी प्रायोजित केला आहे' हे साधं वाक्य पुरतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचे प्रायोजक चांगली रक्कम देऊ करतात. त्यांच्या जाहिरातीवर २०२५च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्यांना उत्तरच देऊ नका.

७. श्रोत्यांकडून पैसे

इथे अपेक्षा जमिनीवर हवी. नियोजन करताना नेहमीच्या श्रोत्यांपैकी शंभरातला एक पैसे देईल असं धरा. शंभरात दोन म्हणजे फार छान झालं. आपल्या ७०० श्रोत्यांतून सात ते चौदा माणसं. यापेक्षा जास्त गृहीत धरून माइक विकत घेऊ नका.

सर्वांत सोपा मार्ग यूपीआयचा क्यूआर कोड. यात काहीच कापलं जात नाही. पण दोन गोष्टी आधी करा. बऱ्याच जणांचा यूपीआय आयडी म्हणजे त्यांचा मोबाइल नंबरच असतो. तो हजार लोकांना देण्याऐवजी नंबर नसलेला वेगळा आयडी बनवा. आणि पगाराचं किंवा घरखर्चाचं खातं यासाठी वापरू नका. अनोळखी लोकांकडून येणाऱ्या रकमांपैकी एखादी सायबर फसवणुकीच्या साखळीतली निघाली, तर तपासात ती रक्कम किंवा पूर्ण खातं गोठवलं जाऊ शकतं. वेगळ्या खात्यात थोडे पैसे अडकणं परवडतं.

क्यूआरची अडचण अशी की पैसे एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत. ठरावीक सदस्यत्व हवं असेल तर पेमेंट गेटवे लागतो. त्याचं शुल्क २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपयांमागे २ रुपये ३६ पैसे जातात असं धरून चला. नोंदणीसाठी गेटवे पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा मागतात, शिवाय अटी, गोपनीयता आणि परतावा धोरण ही पानं असलेली वेबसाइट हवी असते. बहुतेक अर्ज या परतावा धोरणाच्या पानावर अडकतात.

दर महिन्याला ४९ रुपये की वर्षाला ४९९? वर्षाला. मासिक वसुलीत बँक दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना पाठवते, आणि दर महिन्याला आलेली ती सूचना म्हणजे सदस्यत्व बंद करण्याची दर महिन्याला आलेली आठवण. खात्यात शिल्लक नसली की तो हप्ताही फसतो. वर्षाचे पैसे एकदाच घेतले की हा ताण संपतो. परदेशी सदस्यत्व साइटवर भारतीय कार्डाची आपोआप वसुली रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या नियमांपासून वारंवार अडते, म्हणून महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी तो मार्ग मुख्य ठेवू नका.

बदल्यात काय द्यायचं? दर आठवड्याला एक जादा भाग देण्याचं वचन हा नेहमीचा खड्डा. दहा माणसांच्या पाच हजारांसाठी तुम्ही काम दीडपट करून ठेवता. आधीच तयार असलेलं द्या : न कापलेली मुलाखत, किल्ल्याच्या वाटांच्या टिपणांची पीडीएफ, वर्षातून दोनदा ऑनलाइन गप्पा.

परदेशातल्या श्रोत्यांकडून मदत घेताना एक कायदा लक्षात ठेवा. एफसीआरए प्रमाणे ऑडिओ बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था-कंपन्या, त्यांचे मालक आणि संपादक यांना परदेशी देणगी घेता येत नाही. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी मानले जात नाहीत, पण अमेरिकी पासपोर्ट घेतलेल्या मराठी माणसाचे मानले जातात, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी. राजकारणावर पॉडकास्ट असेल तर परदेशी मदतीचं बटण लावण्याआधी सीएला विचारा.

८. यूट्यूबकडून काय धरायचं

जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. चाळीस मिनिटांच्या भागातली सरासरी आठ मिनिटं पाहिली जात असतील, तर वर्षाला ३०,००० व्ह्यूज हवेत. वर्षात ४८ भाग निघाले तर भागाला ६२५. आपल्यासारख्या पॉडकास्टला हे गाठण्यासारखं आहे. पण तिथे पोचल्यावर पहिले पैसे हातात यायला १०० डॉलर साठावे लागतात, आणि त्यात बरेच महिने जाऊ शकतात. सदस्यत्वाची सोय त्याआधी, ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांवर (शिवाय ९० दिवसांत तीन व्हिडिओ) खुली होते, मात्र त्यातले ७० टक्केच तुमचे. चित्रपटगीताचा तुकडा वापरलात तर त्या भागाची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते.

९. कागदपत्रं आणि कर

जमवून ठेवा : पॅन, आधार, या कामाचं वेगळं बँक खातं, रद्द केलेला चेक, बिलाचा नमुना, उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या त्याच नावाच्या साइट्स खासगी असतात.

बिलावर उद्यम क्रमांक छापल्याचा खरा उपयोग आहे. लेखी मुदत ठरली नसेल तर अशा लघुउद्योगाचे पैसे १५ दिवसांत, ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. ती मुदत चुकली तर प्रायोजकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षातच वजावटीला धरता येतो. मालक विसरला तरी त्याचा अकाउंटंट मार्चमध्ये फोन करतो.

सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर लागते, पण ही उलाढाल एका पॅनवरची सगळी मिळून धरतात. तुमचं भाषांतराचं किंवा डिझाइनचं कामही त्यात येतं. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. 'जीएसटी नंबर नाही तर बिल चालणार नाही' असं कोणी म्हणालं तर 'मर्यादेखाली असल्याने नोंदणी नाही' एवढं बिलावर छापा.

टीडीएस कापला गेला तर तो बुडत नाही. आयकर पोर्टलवर तुमच्या नावे दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. मात्र आयटीआर-१ फॉर्म अशा व्यावसायिक उत्पन्नाला चालत नाही. श्रोत्यांनी दिलेल्या रकमेला 'देणगी' म्हणून ती करमुक्त होत नाही, आणि देणाऱ्याला ८०जीची सवलतही मिळत नाही, म्हणून तो शब्दच टाळा. नोकरी करत असाल तर नेमणूकपत्रातलं बाहेरच्या उत्पन्नाचं कलम वाचा. सरकारी नोकरांना परवानगी आधी घ्यावी लागते.

१०. हंगामाचा हिशेब आणि पुढची विचारणा

आपल्या पॉडकास्टचा हंगाम बऱ्यापैकी गेला असं धरू. प्रायोजकाचे १२,०००. दहा श्रोत्यांचं वार्षिक सदस्यत्व ४,९९०, त्यातून गेटवेचे ११८ गेले, राहिले ४,८७२. क्यूआरवर सुटे १,५००. एकूण १८,३७२ रुपये.

खर्च : संपादन भागाला हजार म्हणजे ८,०००, होस्टिंग दोन महिन्यांचं २,४००, प्रवास २,०००. एकूण १२,४००. उरले ५,९७२. प्रत्येक भागाला तयारीपासून चढवण्यापर्यंत दहा तास धरले तर ऐंशी तासांचे तासाला ७५ रुपये पडतात. शिवाय सदस्यत्वाचे पैसे वर्षाचे आहेत, पुढच्या हंगामात ते पुन्हा धरता येणार नाहीत. छोट्या मराठी पॉडकास्टचा चांगला हंगाम असा दिसतो : खर्च भागतो, वर थोडं उरतं, नोकरी सोडता येत नाही. प्रायोजक मिळाला नाही तर याच हंगामात सहा हजारांची तूट आहे, म्हणून संपादनाचा खर्च प्रायोजक पक्का झाल्यावरच वाढवा.

शेवटच्या भागानंतर ३० दिवस पूर्ण झाले की आठवड्याच्या आत प्रायोजकाला अहवाल पाठवा : प्रत्येक भागाचे डाउनलोड, कोड किती वेळा वापरला गेला, आणि 'कुठे कळलं'ला किती जणांनी तुमचं नाव घेतलं. चार किंवा जास्त माणसं गेली असतील तर त्याच ईमेलमध्ये पुढच्या हंगामाचा भाव सांगा, थोडा वाढवून. दोन-तीन गेली असतील तर भाव तोच ठेवून मजकूर बदलून पाहा. एकही गेला नसेल तर तेही तसंच लिहा आणि पुढच्या हंगामाला दुसऱ्या धंद्याकडे वळा. कमी भावात पुन्हा तोच प्रायोजक घेतलात तर पुढच्या प्रत्येक बोलणीत तोच कमी भाव तुमच्यासमोर येतो.